फुटाला एक सूत

अंघोळ होऊन अर्धा तास झाला तरी फरशीवर पाणी दिसतं, तेव्हा घरात एकच वाक्य ऐकू येतं: "बाथरूम तुंबलंय." आमच्याकडेही पाच वर्षं हेच वाक्य चाललं होतं. त्या वाक्यावर प्लंबर आला, पैसे घेऊन गेला, चार महिन्यांनी पुन्हा आला. पाणी तिथंच राहिलं. यंदा आई त्या पाण्यावरून घसरली. हात भिंतीला लागला म्हणून निभावलं. त्या दिवशी मी वायपर बाजूला ठेवला आणि नक्की कुठं काय चुकलंय ते शोधायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी की आम्ही चुकीचा शब्द वापरत होतो. पाणी तुंबणं वेगळं आणि पाणी साचणं वेगळं. जायची वाट अडली की पाणी तुंबतं. वाट मोकळी असूनही पाणी तिकडे वळत नाही तेव्हा ते साचतं. तुंबलेलं प्लंबरचं काम, साचलेलं गवंड्याचं. आपण प्लंबरला बोलावतो, तो जाळी उचलून स्प्रिंग घालतो आणि म्हणतो, लाइन क्लिअर आहे, लादीचा ढाळ चुकलाय. गवंड्याला बोलावलं तर तो म्हणतो, ढाळ बरोबर आहे, तुमचा ट्रॅप चोक आहे. आमच्या घरात दोघंही खरं बोलत होते, पण प्रत्येकाचं अर्धंच खरं होतं, कारण दोष दोन्ही होते. बहुतेक जुन्या फ्लॅटमध्ये ही जोडी एकत्रच सापडते आणि म्हणूनच एकाचं काम करून घेतलं की पैसे वाया गेल्यासारखे वाटतात.

दोन दोष वेगळे करायला एक बादली पुरते. फरशी पूर्ण कोरडी करा. पंधरा लिटरची भरलेली बादली घ्या आणि जाळीच्या अगदी तोंडाशी सावकाश ओता. तुम्ही ओताल त्या वेगानं पाणी आत गेलं तर वाट मोकळी आहे. जाळीभोवती तळं झालं आणि ते हळूहळू, सगळीकडून सारखं उतरत गेलं, तर वाट अडलेली आहे. मग फरशी पुन्हा पुसा आणि दुसरी बादली जाळीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात ओता. आता जाळीकडे बघू नका, पाण्याकडे बघा. पाणी कुठं वळतं, कुठं अडखळतं, दहा मिनिटांनी कुठं मागे राहतं. जे मागे राहिलं त्याची कड पेन्सिलीनं आखून ठेवा. पुढच्या सगळ्या भांडणात ही पेन्सिलीची रेघ तुमच्या बाजूनं बोलेल.

आमची बादली जाळीत उतरायला तीन मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. तीच बादली शॉवरखाली धरली तर दोन मिनिटांत भरत होती, म्हणजे मिनिटाला साडेसात लिटर. वरून साडेसात येणार, खालून पाच जाणार, तर दर मिनिटाला अडीच लिटर फरशीवर उरणारच. आठ मिनिटांच्या अंघोळीत हे वीस लिटर होतात. शॉवर बंद केल्यावर ते उतरायला आणखी चार मिनिटं. अंघोळ करताना पायाची बोटं का बुडतात याचं उत्तर एवढंच होतं. बादलीनं अंघोळ करणाऱ्याला हा दोष कित्येक महिने कळतही नाही, कारण तांब्या-तांब्यानं पडणाऱ्या पाण्याला ट्रॅप मधल्या वेळात वाट करून देतो. आमच्याकडे शॉवर बसवल्यावरच हे सुरू झालं आणि आम्ही खुळ्यासारखे शॉवरला दोष देत बसलो.

आता जाळीखाली. सगळे ज्याला नाणी ट्रॅप म्हणतात, तो म्हणजे नहाणी ट्रॅप. त्याच्या पोटात कायम साधारण दोन इंच पाणी उभं राहील अशी त्याची घडण असते. ते पाणी मुद्दाम ठेवलेलं असतं. गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ नयेत म्हणून तो पाण्याचा पडदा आहे. जुन्या ट्रॅपमध्ये किंवा झुरळांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जाळीखाली एक उपडी वाटी असते, तीही त्याच कामासाठी. वाटीच्या कडेभोवतीची जागा अरुंद असते आणि पहिला केस तिथंच अडकतो. पाणी हळू जातं म्हणून कित्येक घरांत ती वाटी काढून फेकून दिलेली असते. पाणी धो-धो जायला लागतं आणि आठवडाभरात वास सुरू होतो. मग वासावर फिनाइल. वाटी धुऊन परत बसवायची असते, टाकायची नसते.

आमची वाटी उचलली तेव्हा खाली केसांचा एक गोळा होता आणि त्यावर पांढरट, चिकट साय. ती साबणाची. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असलं की त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा थर तयार होतो. केस जाळं विणतात आणि ही साय त्या जाळ्यात बसते. आमच्या सोसायटीत उन्हाळ्याचे तीन महिने टँकर असतो आणि त्याच महिन्यांत प्लंबर बोलवावा लागतो, याची सांगड मला आत्ता लागली.

इथं बहुतेकांच्या हातात ॲसिडची बाटली येते. ती ठेवून द्या. ॲसिड केस विरघळवत नाही. ते लाद्यांच्या सांध्यांतलं सिमेंट मात्र खातं, जुनी बिडाची लाइन असेल तर तीही खातं. केसावर चालतो तो क्षार, म्हणजे कॉस्टिक सोडा. पण तो पाण्यात पडताच उकळी येईल इतका तापू शकतो, अंगावर उडाला तर भाजतो, आणि आदल्या दिवशी कुणी ॲसिड ओतलं असेल तर त्यावर तो टाकणं धोक्याचं. ब्लीचिंग आणि ॲसिड तर कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो. हातमोजा घालून गोळा हातानं काढणं किळसवाणं आहे, पण तेच सगळ्यांत खात्रीचं आहे. पंधरा दिवसांतून एकदा, पाच मिनिटं.

गोळा काढूनही आमची बादली दीड मिनिटाच्या खाली येईना. तेव्हा प्लंबरनं टॉर्च लावला आणि म्हणाला, "काका, आत माल पडलाय." ट्रॅपच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाशी सिमेंटचा दगड झाला होता, जवळपास निम्मं तोंड अडवून. तो आजचा नव्हता. पंधरा वर्षांपूर्वी लाद्या बसवताना सांधे भरले, फरशी धुतली आणि ते सिमेंटचं पाणी याच जाळीतून सोडून दिलं. तळाशी बसून ते घट्ट झालं. फरशीचं काम चालू असताना ट्रॅपच्या तोंडात चिंध्यांचा बोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून घट्ट बसवायचा असतो. हे दोन मिनिटांचं काम त्या दिवशी कुणी केलं नाही आणि या घरातली माणसं वर्षानुवर्षं ओल्या फरशीवर पाय जपून टाकत राहिली. याचा मला मनापासून राग येतो.

झाला तुंबण्याचा हिशोब. आता साचण्याचा.

गवंड्यांची एक जुनी मोजणी आहे. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. मोरीच्या फरशीला ढाळ किती, तर फुटाला एक सूत. मीटरमध्ये बोलायचं तर मीटरला साधारण १० मिलिमीटर. लादी खरखरीत असेल तर फुटाला दीड सुतापर्यंत जावं, त्याहून जास्त ढाळ दिला तर पायाला जाणवतो आणि साबण लागलेल्या पायाला ते बरं नाही. आमचं न्हाणीघर ७ फूट लांब आणि ४ फूट रुंद. जाळी दारासमोरच्या भिंतीशी, डाव्या कोपऱ्यात. म्हणजे दाराशी फरशी जाळीपेक्षा सात सूत उंच हवी. एक इंचाला एक सूत कमी. एवढंच अंतर, पण ते नसेल तर सगळं बिघडतं.

ते आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. मापायला लेव्हलची नळी लागते, पारदर्शक, पाणी भरलेली, गवंड्याकडे असतेच. नळीतला बुडबुडा काढून टाकून तिची दोन टोकं दोन भिंतींना धरली की दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीवर थांबतं. तिथं खुणा केल्या आणि चारी भिंतींवर एक सरळ रेघ आखून घेतली. मग रेघेपासून फरशीपर्यंत टेप लावला. दाराशी ३० इंच. जाळीपाशी ३० इंच ३ सूत. आणि उजव्या कोपऱ्यात, जिथं पेन्सिलीनं आखलेलं तळं होतं, तिथं ३० इंच ५ सूत. म्हणजे सात सुतांच्या जागी ढाळ तीनच सूत, आणि फरशीतली सगळ्यांत खोल जागा जाळीपाशी नव्हतीच. ती कोपऱ्यात होती, जाळीपेक्षा दोन सूत खाली. त्या दोन सुतांत दीडेक लिटर पाणी मावतं. रोज तीन अंघोळी, तीन वेळा दीड लिटर. पाच वर्षं आई ते वायपरनं जाळीकडे ढकलत होती, आणि ढकलताना तिला चढावर ढकलावं लागत होतं.

हे होतं कसं? खोलीची फरशी सपाट हवी असते. तिथं लेव्हलचा बुडबुडा मधोमध आला की काम फत्ते. तोच हात, तीच सवय न्हाणीघरात येते. गवंडी दारापासून सुरुवात करतो, बुडबुडा मधोमध ठेवत पुढं जातो आणि शेवटच्या दोन लाद्यांत सगळा ढाळ उरकतो. त्यात हल्ली दोन फूट बाय दोन फुटांच्या लाद्यांची हौस. मोठी लादी वाकत नाही. जाळी मधोमध असेल तर चारी बाजूंनी उतार द्यावा लागतो, आणि मोठी लादी तिरकी कापल्याशिवाय तो देताच येत नाही. मग गवंडी ढाळ कमी करतो, म्हणजे लाद्यांच्या कडा वर येणार नाहीत. न्हाणीघरात एक फुटाची किंवा त्याहून लहान लादी घ्या. मोठीच हवी असेल तर जाळी भिंतीशी ठेवा आणि सगळी फरशी एकाच सरळ उतरणीत बसवून घ्या.

आमच्या मिस्त्रींनी आधी सुचवलं, कोपऱ्यात पांढरं सिमेंट भरून खड्डा बुजवू. नको म्हणालो. गुळगुळीत लादीवर सुताभराचा थर धरत नाही, सहा महिन्यांत पापुद्रे निघतात, आणि पाणी तिथून हटलं तरी ढाळ कमीच असल्यानं दुसरीकडे थांबतं. मग ते म्हणाले, जुन्या लादीवरच नवी लादी चिकटवू, तोडफोड वाचेल. हे मोहाचं होतं, म्हणून कागदावर मांडून बघितलं. नवी लादी तीन सूत, खालचा चिकटवायचा थर दोन सूत, म्हणजे जाळीपाशीच फरशी पाच सूत वर येणार. दाराशी ढाळाचे राहिलेले चार सूत आणखी. एकूण नऊ. आमचा उंबरा फरशीपासून आठ सूत, एक इंच. म्हणजे न्हाणीघर उंबऱ्यापेक्षा वर आणि पाणी बेडरूममध्ये. मिस्त्रींनी कागद बघितला आणि स्वतःच म्हणाले, "फोडूया."

फोडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. लादीखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबाही सपाटच होता आणि ओला होता, हाताला थंड लागत होता. लाद्यांचे सांधे कधीच पूर्ण बंद नसतात. साचलेलं पाणी तासन्तास त्यांवर उभं राहिलं की झिरपतं, कोब्यात उतरतं आणि तिथंही ढाळ नसेल तर तिथंच मुक्काम करतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छतावर दोन वर्षांपासून जो पिवळा डाग होता, त्याचा उगम आमच्या पायाखाली होता. आम्ही त्यांना दर वेळी सांगत होतो, आमच्याकडे काहीच गळत नाही. नळ गळत नव्हता हे खरं. पण डाग आमचाच होता, आणि मी खाली जाऊन त्यांना तसं सांगितलं.

म्हणून ढाळ लादीला नाही, कोब्यालाच द्यायचा. लादी त्यावर नुसती बसते. कोबा उतरता करून घेतला, त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवर फूटभर चढवून घेतला, ट्रॅपचं तोंड बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि काकूंच्या छताखाली जाऊन बघितलं, नवी ओल आली का. हे पाणी भरून ठेवणं गळती तपासतं, ढाळ नाही. पुष्कळ जण इथंच फसतात आणि पाणी भरून बघितलं होतं म्हणून निश्चिंत राहतात. ट्रॅपही बदलला. नव्याची मान थोडी कापून जाळी आधीपेक्षा अर्धा इंच खाली नेली, म्हणजे ढाळ पुरा देऊनही उंबरा शिल्लक राहिला.

लाद्या बसवताना मिस्त्रींनी एक युक्ती केली, ती मला फार आवडली. दोन फुटांच्या लेव्हलच्या एका टोकाखाली त्यांनी दोन सूत जाडीचा लाकडी तुकडा चिकटपट्टीनं बांधला. ते टोक जाळीकडे ठेवायचं. आता बुडबुडा मधोमध आला म्हणजे फरशी सपाट नाही, फुटाला बरोबर एक सूत उतरती. लांबीला असं, रुंदीलाही असंच. प्रत्येक लादीवर ते लेव्हल ठेवत गेले. त्यांचा मुलगा म्हणाला, रोज असं करत नाही आपण. ते म्हणाले, "सांगितलं तर करतो. कुणी सांगत नाही." मला हे वाक्य टोचलं. लादीचा रंग निवडायला आपण चार दुकानं फिरतो आणि ढाळाबद्दल गवंड्याशी एक शब्द बोलत नाही. जाळी शेवटी लादीपेक्षा एक सूत खाली बसवली. ती लादीच्या बरोबरीनं बसवली किंवा जरा वर राहिली, तर तिच्याभोवती पाण्याचं कडं राहतं आणि एवढं करूनही फरशी ओलीच दिसते.

नवा फ्लॅट ताब्यात घेणाऱ्यांनो, तुमच्यासाठी एक वेगळी गोष्ट. २०१६ च्या रेरा कायद्यातल्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कामाच्या दर्जातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर तो त्यानं ३० दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. उलटा ढाळ हा कामाच्या दर्जातलाच दोष आहे. पण तोंडी सांगू नका. ताब्याच्या दिवशी बादली घेऊन जा, पाणी ओता, पेन्सिलीची रेघ मारा, टेप लावून फोटो काढा आणि लेखी द्या. लेखी दिल्याची पोच जपून ठेवा. आमचं घर जुनं, त्यामुळे आमचा खर्च आमच्याच माथी आला. पाच वर्षांच्या आतलं घर असेल तर तुमचा खर्च तुम्ही उगाच करू नका.

सांधे भरून, वाळून झाल्यावर मिस्त्रींसमोरच बादली ओतली, जाळीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात. पाणी एकदा रुंद पसरलं, मग बारीक होत गेलं, वळलं आणि जाळीत उतरलं. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाच्या आसपास. उरला तो नुसता ओलावा, पंखा न लावता वीस मिनिटांत उडालेला. शेवटचा हप्ता त्यानंतरच दिला, आणि हे आधीच ठरलेलं असल्यानं कुणालाही अवघड वाटलं नाही. वायपर आता गॅलरीत आहे.

काकू छताला रंग द्यायची घाई करताहेत. त्यांना म्हटलं, एवढ्यात नको. कोब्यात आणि स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी बाहेर यायला महिने जातात. दर पंधरा दिवसांनी डागाच्या कडेवर पेन्सिलीनं खूण करू, कड आत सरकत गेली की समजायचं वाळतंय. पहिली खूण गेल्या रविवारी मीच करून आलो. रंगाचा खर्च आमचा.